पनीर तव्यावर का वितळत नाही?

डहाणू-तलासरीत महामार्गालगतच्या ढाब्यांवर आणि स्टेशनजवळच्या गाड्यांवर आता चीज सँडविच, पिझ्झा सर्रास मिळतो. मुले विचारतात, चीज वितळते, मग पनीर का नाही? काही मायबहिणी तर न वितळणारे पनीर भेसळीचे समजतात. तसे नाही. फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे.

पनीर करताना दूध उकळायच्या बेताला तापवून त्यात लिंबूरस घालतात. तेवढ्या उष्णतेने दुधातली दोन्ही प्रकारची प्रथिने एकमेकांना घट्ट चिकटतात. ती पकड नंतर आचेवर सुटत नाही, म्हणून तुकडा खरपूस होतो पण वाहत नाही. मोझरेला वेगळा. कोमट दुधात विरजण आणि रेनेट नावाचे दूध गोठवणारे द्रव्य घालतात, आंबट झालेला दह्याचा गोळा कढत पाण्यात ताणतात. त्यातली पकड कॅल्शियमने सैलसर धरलेली असते, म्हणून तापल्यावर तारा निघतात. प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज पुन्हा वितळवून, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार मिसळून घट्ट केलेले. त्या क्षारांमुळे तूप वेगळे न होता ते एकसारखे वितळते.

आता प्रथिने पाहू. १०० ग्रॅममागे तिघांतही साधारण १८ ते २२ ग्रॅम असतात. पण ताटात पडते किती? चीजची एक चकती सुमारे २० ग्रॅमची, म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. शिवाय अर्धा ग्रॅम किंवा जास्त मीठ. रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. ५० ग्रॅम पनीर खाल्ले तर सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि मीठ नगण्य. चरबी मात्र दोन्हींत भरपूर असते. रक्त कमी असेल तर यांपैकी कशानेही लोह वाढत नाही, त्यासाठी पालेभाजी आणि कडधान्य हवेच.

घरी करायचे असेल तर १ लिटर म्हशीच्या दुधाचे साधारण २०० ग्रॅम पनीर होते. उकळी आल्यावर गॅस बंद करा, दोन मिनिटे थांबा, पाण्यात मिसळलेला लिंबूरस थोडाथोडा घाला. पाणी हिरवट, स्वच्छ दिसले की थांबा. पाणी पांढुरके राहिले तर अजून थोडा रस हवा. जास्त आंबट केले तर पनीर कडक होते. उरलेल्या पाण्यात पीठ मळा.

सुट्या पनीरमध्ये पीठ मिसळले आहे का, हे घरी कळते. तुकडा थोड्या पाण्यात उकळून गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळे पडले तर पीठ आहे. तो तुकडा खाऊ नका. दुधाऐवजी वनस्पती तेल घातले असेल तर मात्र या तपासणीत कळत नाही. म्हणून पाकिटावरचे घटक वाचूनच घ्या.