लग्नाचा चौक : वारली भिंतीवरचा तांदूळ

तुमच्यापैकी कुणी दिल्लीत असेल, कुणी इंदूरला, कुणी बंगळुरूला. वारली चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर, विमानतळाच्या भिंतीवर. गोल फेर धरून नाचणारी माणसं, मध्ये तारपा वाजवणारा. पण ज्या चित्रावाचून वारली घरातलं लग्न पुढे सरकत नसे, ते चित्र हे नव्हे. त्याचं नाव चौक. आज त्याच्याबद्दलच बोलू.

डहाणू, तलासरी, जव्हार या पालघर जिल्ह्यातल्या भागात आणि लगतच्या गुजरातेत वारली लोक राहतात. जुनं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती आणि शेण लिंपलेलं. लग्न ठरलं की आतल्या भिंतीचा एक भाग नव्याने सारवतात आणि त्यावर गेरू देतात. या तांबूस जागेवर चौक काढायचा असतो.

रंग एकच, पांढरा, आणि तोही तांदळाचा. तांदूळ भिजवून वाटतात, पाणी घालून पातळ करतात. बांबूची बारीक काडी घेऊन तिचं टोक चावून मऊ केलं की कुंचला तयार. घरी करून पाहणाऱ्यांना इथे एक गंमत कळेल. ओली रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरी होते. त्यामुळे आपण काय काढलं ते हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर. पीठ फार पातळ झालं तर रेघ ओघळते. फार दाट झालं तर वाळून तडकते आणि पोपडे पडतात.

चौक काढतात सवाशिणी, म्हणजे नवरा हयात असलेल्या बायका. चौकोनाच्या चारही बाजूंना नक्षीच्या पट्ट्या असतात : त्रिकोणांच्या ओळी, वळत्या रेघा, साखळीसारखी गुंफण. या पट्ट्यांनी आतली जागा बंद होते, आणि त्या बंद जागेत मधोमध बसते पालघाट देवी. ती झाडाझुडपांची, पिकाची, प्रजननाची देवी. तिच्या भोवती सूर्य, चंद्र, झाडं, शिडी, फणी. शेजारी एक लहान चौकोन असतो, देवचौक. त्यात पंचशिऱ्या. त्याला डोकं नसतं. मानेच्या जागी धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात.

आता लक्षात घ्या, हे लग्नाचं चित्र आहे, आणि रक्षण करणाऱ्या देवाच्या मानेतून धान्य उगवतंय. हे का? भात कापून, झोडून घरात आलं की कणसरीचा, म्हणजे धान्यदेवीचा, मान राखला जातो. कोठारात भात आहे म्हणजे पाहुण्यांना जेवण घालता येतं, म्हणून लग्नंही सुगीनंतरच. ज्या तांदळाने हे शक्य झालं, त्याच तांदळाच्या पिठाने देवी काढायची. शेताला जे मागायचं तेच नव्या जोडप्यासाठी मागायचं. सुगी आणि लग्न या दोन गोष्टी वारल्यांनी एकाच चौकोनात बसवल्या आहेत.

लग्न लावते धवलेरी. ही बाई लग्नाची गाणी म्हणत सगळे विधी पार पाडते. हा सगळा खर्च न झेपल्याने अनेक जोडपी आधी एकत्र राहत आणि लग्नविधी पुढे, कधी मुलं झाल्यावरही करत. तेव्हाही चौक लागेच.

मग आपल्याला माहीत असलेली चित्रं कुठून आली? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यातून पुढे आले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर विधीचं बंधन नव्हतं. देवीची गरज उरली नाही, आणि नाच, शेती, शिकार, गावाचा दिवस या गोष्टी मध्यभागी आल्या. पुरुष चित्रकार झाले, चित्राखाली सही आली. ती कला खोटी आहे असं कुणी समजू नये. दोन टोकं जोडलेल्या त्रिकोणांतून कमरेला वाकणारा माणूस उभा करणं सोपं नाही. पण तिचं काम वेगळं आहे.

फरक ओळखायची खूण सांगतो. कागदावरचं चित्र बाहेर पसरतं, त्यात माणसं धावतात, नाचतात. चौक आत वळतो. सगळं मधल्या देवीकडे बघतं. आणि त्याच्यावर सही नसते. लग्न झालं की त्याचं काम संपलं. भिंत पुढे पुन्हा सारवली जाते, तांदूळ मातीत मिसळतो. म्हणून संग्रहालयात आपल्याला जिव्या सोमांचं नाव वाचता येतं, पण चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावं कुठल्याच भिंतीवर उरलेली नाहीत.