रखडलेल्या क्लेमचा ईमेल

रुग्णालयाचे बिल स्वतः भरून नंतर विमा कंपनीकडून पैसे मागितले असतील, तर भारतीय विमा नियामकाच्या 2024च्या निर्देशांनुसार क्लेम सादर झाल्यापासून 15 दिवसांत निकाली निघायला हवा. वाद होतो तो हे दिवस कधीपासून मोजायचे यावर. मध्येच एखादा कागद मागवला गेला असेल, तर तो हाती पडेपर्यंत क्लेम अपुराच होता, असे कंपनी म्हणते. म्हणून पाठपुराव्याच्या ईमेलमध्ये शेवटचा कागद कधी पोचला, ही तारीख पुराव्यासह ठरवून टाकावी लागते.

समजा, हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे बिल 84,300 रुपये झाले. क्लेम 14 फेब्रुवारीला दाखल झाला. 24 तारखेला टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, इनडोअर केस पेपर मागितले. ते 2 मार्चला दिले. 17 मार्च उलटला तरी पैसे नाहीत. ईमेलच्या विषयातच पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक आणि ‘मुदत उलटली’ हे शब्द असावेत, कारण क्लेम क्रमांकाविना आलेला ईमेल योग्य टेबलापर्यंत पोचायलाच वेळ जातो. मजकूर एवढा पुरतो:

‘महोदय, वरील क्लेम 14 फेब्रुवारीला सादर केला. 24 फेब्रुवारीच्या आपल्या पत्रानुसार केस पेपर 2 मार्चला दिले. पोच जोडली आहे. त्यानंतर आपल्याकडून कोणतीही मागणी आलेली नाही. मंजुरी किंवा नकार कारणासह लेखी कळवावा आणि विलंबाचे व्याजही द्यावे.’

यातले ‘त्यानंतर कोणतीही मागणी आलेली नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे. कागद तुकड्यातुकड्याने मागत राहण्याची वाट त्याने अवघड होते. व्याजाची मागणीही हक्काचीच आहे: विलंब झाल्यास बँक दराहून 2 टक्के जादा दराने ते देय असते.

खाली जोडलेल्या कागदांची यादी तारखांसह द्यावी: क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल व पावत्या, तपासण्यांचे अहवाल, केस पेपर, टीपीएचे पत्र आणि कुरिअरची पोच. ‘सर्व कागद दिले आहेत’ या मोघम वाक्यावरून पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. फायलींना ‘स्कॅन 1’ऐवजी कागदाचेच नाव द्यावे. ईमेल केवळ टीपीएला पाठवून भागत नाही. क्लेमचा निर्णय विमा कंपनीचा असतो, म्हणून तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तो जायला हवा.

या तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केली होती, हे मात्र दाखवावे लागते, आणि तो पुरावा म्हणजे हाच ईमेल.