‘बशी’ डोळ्यांनी वाचताना

स्पेक्ट्रोग्राम वाचायला शिकायचं तर पहिला शब्द लहान घ्यावा, आणि त्यात आवाजाचे शक्य तितके निराळे प्रकार असावेत. ‘बशी’ हा त्यासाठी फार सोयीचा शब्द आहे. दोनच अक्षरं, पण त्यात ओठ मिटून काढलेलं घोष व्यंजन आहे, दोन अगदी वेगळे स्वर आहेत आणि मध्ये हवेच्या घर्षणाचा ‘श’ आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला ‘प्रात’ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात हा शब्द शांत खोलीत रेकॉर्ड करून उघडला, की पडद्यावर करड्या-काळ्या डागांचं एक आडवं चित्र येतं. डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर वारंवारता वाढते, आणि जिथे आवाजाचा जोर जास्त तिथे काळेपणा जास्त.

असं चित्र काढणारं यंत्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात तयार झालं. त्यावरचं ‘व्हिजिबल स्पीच’ हे पुस्तक १९४७ साली आलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी समोरच्याचं बोलणं या चित्रांतून वाचावं, अशी त्यामागची एक उमेद होती. ती तशी फळाला आली नाही, कारण या चित्रात अक्षरं नसतात. गळ्यात काय चाललंय आणि तोंडाची पोकळी कोणत्या आकारात आहे, याच्या खुणा तेवढ्या असतात. शब्द आपण त्या खुणांवरून जुळवायचा.

नजर आधी चित्राच्या तळाशी न्यावी. ‘बशी’च्या अगदी सुरुवातीला वरचा सगळा भाग जवळजवळ पांढरा दिसतो, पण तळाशी दोन-तीनशे हर्ट्झच्या आत एक काळपट आडवी पट्टी असते. ही घोषपट्टी. ‘ब’ म्हणताना ओठ मिटलेले असतात, तोंडातून काहीच बाहेर येत नाही, तरी स्वरतंतू आधीच थरथरू लागलेले असतात. ती थरथर गालांच्या आणि गळ्याच्या भिंतींतून झिरपून बाहेर येते. भिंतीतून पलीकडच्या खोलीतलं बोलणं घुमल्यासारखंच ऐकू येतं, तसंच इथे: वरच्या वारंवारता अडतात, खालच्या तेवढ्या सुटतात. मग ओठ सुटतात आणि एक बारीक उभी रेघ उमटते.

हाच प्रयोग ‘पशू’ म्हणून केला तर त्या उभ्या रेघेआधी तळ कोरा दिसतो. ‘ब’ आणि ‘प’मध्ये ओठांचं काम एकच, फरक गळ्यात आहे, आणि तो फरक चित्रात इतका ढळढळीत दिसतो. मराठी बोलणाऱ्याच्या ‘ब’मध्ये ही पट्टी स्फोटाच्या कितीतरी आधी, बरेचदा ऐंशी-शंभर मिलिसेकंद आधीच सुरू होते. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या शब्दारंभीच्या ‘ब’मध्ये ती पुष्कळदा नसतेच. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली चित्रं बघून आपला ‘ब’ ओळखायला गेलं तर म्हणून गोंधळ होतो.

तळाच्या या भागात एक फसगत ठरलेली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार्जर किंवा सैल वायर यांची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरली, की ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास तशीच काळी पट्टी दिसते आणि प्रत्येक व्यंजन घोष वाटू लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणं सुरू होण्याआधीच्या शांततेतही पट्टी चालूच असेल, तर ती गळ्यातली नाही. घोषपट्टी शब्दाबरोबर येते, शब्दाबरोबर जाते.

आता ‘ब’मधला ‘अ’. इथे चित्र एकदम भरतं. जवळून पाहिलं तर त्यात बारीक उभ्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे स्वरतंतूंची एक उघडझाप. पुरुषाचा सूर १२० हर्ट्झ असेल, तर एका सेकंदात अशा १२० रेघा. आणि या रेघांना छेदून जाणारे तीन-चार जाड आडवे काळे पट्टे दिसतात, ते फॉर्मंट. गळ्यातून निघणाऱ्या आवाजात खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांचा माल असतो; तोंडाची पोकळी त्यातल्या काही वारंवारतांना उचलून धरते आणि बाकीच्यांना दाबते. उचलून धरलेल्या जागा म्हणजे फॉर्मंट. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर असते. ती एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी आणि सगळीकडे सारखी रुंद धरली, तर तिचे अनुनाद ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला येतात. आपला ‘अ’ या हिशेबाच्या बराच जवळचा आहे, कारण तो म्हणताना जीभ कुठेच फार जात नाही.

‘बशी’तली ‘ई’ मात्र वेगळीच दिसते. पहिला पट्टा खाली ३०० हर्ट्झच्या आसपास बसतो आणि दुसरा थेट वर, २२०० च्या जवळ जातो. मध्ये मोठी पांढरी मोकळी जागा राहते. एवढी एक खूण पाहिली तरी ‘ई’ चुकत नाही. पहिला फॉर्मंट तोंड किती उघडं आहे ते सांगतो: ‘आ’ला तो ७०० पर्यंत चढतो, ‘ई’ आणि ‘ऊ’ला खाली उतरतो. दुसरा फॉर्मंट जीभ पुढे आहे की मागे ते सांगतो: ‘ई’ला सर्वांत वर, ‘ऊ’ला आठ-नऊशेपर्यंत खाली. म्हणजे ‘ई’ आणि ‘ऊ’चा पहिला पट्टा जवळजवळ एकाच जागी, ओळख पटते ती दुसऱ्यावरून. हे आकडे पुरुषाच्या आवाजाचे. बाईची नळी आखूड, म्हणून तिचे सगळे पट्टे वर सरकतात, मुलांचे आणखी वर. त्यामुळे आकडे पाठ करून उपयोग नाही. त्याच माणसाचे ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ आधी बघून घ्यायचे आणि बाकीचे स्वर त्यांच्या तुलनेत लावायचे.

दोन स्वरांच्या मध्ये ‘श’ आहे, आणि तिथे सगळा नियमच बदलतो. उभ्या रेघा गायब, तळाची पट्टी गायब. त्यांच्या जागी चित्राच्या वरच्या भागात वाळू फेकल्यासारखा खरखरीत काळा ठसा. स्वरतंतू थांबलेले असतात. जीभ आणि टाळू यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून हवा घुसते आणि खळबळते, तिचा हा ठसा. स्वराला ठरावीक जागी पट्टे असतात, घर्षकाला पसरलेला गोंगाट असतो. पण त्या गोंगाटालाही खालची कड असते, आणि वाचायची ती कडच. ‘श’चा काळेपणा सव्वादोन-अडीच हजार हर्ट्झपासून सुरू होतो. ‘बस’ म्हणून पाहिलं तर ‘स’चा चार हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर सुरू होतो. कारण पुन्हा पोकळीच. ‘स’ची फट अगदी दातांमागे, तिच्या पुढे उरलेली जागा चिमूटभर, म्हणून अनुनाद उंच. ‘श’ची फट मागे सरकते, पुढची पोकळी वाढते आणि कड खाली उतरते. ‘ह’ची खळबळ तर गळ्यातच होते, सगळं तोंड तिच्या पुढे राहतं. म्हणून ‘ह’मध्ये शेजारच्या स्वराचे पट्टे धूसर होऊन तसेच पुढे चालू दिसतात.

नवशिक्याला ‘स’ दिसतच नाही, अशी तक्रार हमखास येते. दोष सेटिंगचा असतो. प्रात साधारणपणे ५००० हर्ट्झपर्यंतचंच चित्र दाखवतो, ते स्वरांसाठी पुरतं. `View range` वाढवून ८००० किंवा १०००० केलं की ‘स’ हजर होतो. साध्या फोनच्या लाइनवर जुन्या पद्धतीनुसार ३०० ते ३४०० हर्ट्झच पुढे जातात, तिथे मात्र सेटिंग काही करू शकत नाही. ‘श’चा बराचसा गोंगाट पोचतो, ‘स’चा बहुतेक अडतो. फोनवर आडनाव सांगताना ‘स, समईतला स’ म्हणावं लागतं त्याचं कारण हेच.

आता शब्दात ‘अ’ कुठे संपतो आणि ‘श’ कुठे सुरू होतो? उभ्या रेघा संपतात तिथे रेघ मारता येते, पण पट्ट्यांनी त्याआधीच दिशा बदललेली असते. ‘ब’मधून निघताना ओठ नुकतेच सुटत असल्याने फॉर्मंट खालून वर चढत येतात. शेवटाकडे दुसरा फॉर्मंट आणखी वर वळतो, कारण जीभ ‘श’च्या जागेकडे निघालेली असते. म्हणजे ‘ब’ची अर्धी ओळख आणि ‘श’ची चाहूल, दोन्ही ‘अ’च्या अंगावर लिहिलेल्या असतात. ‘ब’ कापून टाकला तरी उरलेल्या ‘अ’च्या सुरुवातीवरून आधी ओठांचं व्यंजन होतं हे ताडता येतं. अक्षरांसारखे सुटे तुकडे बोलण्यात नसतात, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या एका वळणावरून जास्त पटलं.

प्रातमध्ये फॉर्मंट दाखवणारे लाल ठिपकेही मिळतात, आणि बहुतेक चुका त्यांच्यावर विसंबून होतात. हे ठिपके गणिताने काढलेले असतात. गणिताला पाच फॉर्मंट शोध म्हटलं की ते शोधतंच, मग समोर ‘स’चा गोंगाट का असेना. घर्षकावर विखुरलेल्या ठिपक्यांना काही अर्थ नसतो. ‘ऊ’मध्ये पहिले दोन फॉर्मंट इतके जवळ येतात, की दोघांना मिळून एकच ठिपका पडतो आणि तिसरा ‘दुसरा’ म्हणून मोजला जातो. पुरुषासाठी ५००० आणि बाईसाठी ५५०० हर्ट्झ ही वरची मर्यादा ठेवायची असते, ती उलटी झाली तरी ठिपके भरकटतात. ठिपका काळ्या पट्ट्यावर बसलेला नसेल तर डोळ्यावर विश्वास ठेवावा. डोळा फसतो तो लहान मुलांच्या आवाजात. सूर ३०० हर्ट्झवर गेला की उभ्या रेघा मिटतात आणि ३००, ६००, ९०० अशा समान अंतरावर आडव्या रेघा दिसू लागतात. ते फॉर्मंट नव्हेत, सुराच्याच पटी आहेत. सूर वरखाली झाला की त्या सगळ्या एकत्र हलतात. फॉर्मंट आपल्या जागी राहतात.

‘बशी’ जमली की ‘चार’ आणि ‘चारा’ शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. लिहिताना ‘च’ एकच. पण आकड्यातला ‘चार’ टाळूपाशी, तर गुरांचा ‘चारा’ दातांपाशी. दोन्हींत आधी कोरी शांतता, मग उभी रेघ, मग थोडा गोंगाट. फक्त पहिल्याच्या गोंगाटाची कड ‘श’सारखी खाली असते आणि दुसऱ्याची ‘स’सारखी वर. ‘जग’चंही तसंच, दुनिया या अर्थाचं आणि ‘जगणे’मधलं, फक्त तिथे तळाशी घोषपट्टीही असते. ‘ष’चं मात्र उलटं आहे. लिहिताना तो ‘श’हून वेगळा, पण ‘भाषा’ आणि ‘आशा’ आजच्या बहुतेकांच्या तोंडून घेऊन पाहिले, तर दोन्ही ठशांची कड एकाच उंचीवर येते.