पहिल्या गोळीपासून मोजलेले दिवस
दुर्मीळ औषध-प्रतिक्रियेचा केस रिपोर्ट कसा उभा राहतो

डिसेंबर 1961 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे एक छोटे पत्र छापून आले. थॅलिडोमाइड घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये गंभीर व्यंगे दिसत आहेत. इतर कोणाला असा अनुभव आला आहे का, असे त्यांनी विचारले होते. जर्मनीत विडुकिंड लेंझ त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला पोचले होते. दुर्मीळ दुष्परिणामाची पहिली चाहूल बहुधा अशीच एखाद्या डॉक्टरच्या टिपणातून लागते. हजारभर लोकांवर झालेल्या औषधचाचणीत दहा हजारांत एकाला होणारी प्रतिक्रिया दिसेलच असे नाही.

मात्र ते टिपण अर्धवट असेल, तर ते निरपराध औषधालाच गुन्हेगार ठरवते. हे कसे घडते, ते पाहण्यासाठी एक प्रसंग घेऊ. तो समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्याचा घाट वॉर्डात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

बावन्न वर्षांच्या एक बाई अंगभर लाल पुरळ, सुजलेला चेहरा आणि ताप घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात येतात. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले असते, ‘अमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी’. घरचेही तेच सांगतात: गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी पुरळ आले. रक्तात इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या असतात आणि यकृताला सूज असते. हे चित्र ‘ड्रेस’ नावाच्या प्रतिक्रियेचे आहे. तिच्यात त्वचेसोबत आतले अवयवही सापडतात आणि प्रसंगी जीव जातो.

रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर भरतीच्या दिवसापासून हकीकत सुरू करतो, तेव्हा चूक पक्की होते. औषध-प्रतिक्रियेत पहिला दिवस भरतीचा धरायचा नसतो. संशयित औषधांपैकी सर्वांत आधी सुरू झालेल्या औषधाची पहिली गोळी पोटात गेली, तो दिवस पहिला. त्यासाठी बाईंची प्लॅस्टिकची पिशवी पलंगावर रिकामी करावी लागते. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटे, लॅबचे कागद. ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते, कारण दुखण्याची नेहमीची गोळी लोक औषधात मोजत नाहीत. म्हणून विचारायचे ते असे: गेल्या तीन महिन्यांत मेडिकलमधून, वैदूकडून, शेजारणीकडून काय काय घेतले?

पिशवीतून जे निघाले, ते दिवसांच्या क्रमाने मांडले की असा कालपट तयार होतो:

दिवस 1: चेहऱ्याच्या शिरेच्या असह्य कळांसाठी कार्बामाझेपीन सुरू, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.
दिवस 8: मात्रा 200 मिलिग्रॅम दोनदा.
दिवस 24: ताप 102 अंश फॅरनहाइट, डोळ्यांभोवती सूज.
दिवस 25: गावच्या लॅबमध्ये रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी 9,800, त्यांत इओसिनोफिल 12 टक्के.
दिवस 26: तापासाठी अमॉक्सिसिलिन सुरू.
दिवस 27: छातीवर पुरळ.
दिवस 30: भरती, दोन्ही औषधे बंद, स्टेरॉइड सुरू.
दिवस 58: यकृताच्या तपासण्या पूर्ववत.

आता पंचविसाव्या दिवसाचा कागद बोलू लागतो. इओसिनोफिल अमॉक्सिसिलिनच्या आदल्या दिवशीच वाढलेले होते आणि चेहऱ्याची सूज त्याच्याही आधीची होती. म्हणजे ज्या तापासाठी प्रतिजैविक दिले, तो ताप हीच प्रतिक्रियेची सुरुवात होती. ड्रेस साधारणपणे औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी उमटतो. कार्बामाझेपीनचा चौथा आठवडा त्यात नेमका बसतो. हा कागद सापडला नसता, तर बाईंच्या नावावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी कायमची चिकटली असती आणि कळा परत आल्यावर कार्बामाझेपीन पुन्हा सुरू झाले असते.

कालपट नीट असला की कार्यकारणभाव ठरवणारी मोजपट्टीही खरी ठरते. 1981 साली आलेल्या नारांजो मोजपट्टीत दहा प्रश्न आहेत. या केसमध्ये कार्बामाझेपीनचे गुण असे पडतात: अशा नोंदी आधी आहेत, 1, घटना औषधानंतर घडली, 2, औषध थांबवल्यावर सुधारणा झाली, 1, दुसरे कारण नाही, 2, तपासणीतून प्रतिक्रियेला पुष्टी मिळाली, 1. एकूण 7, म्हणजे ‘संभवनीय’. पण दुसरे कारण शोधताना विषाणूजन्य कावीळ, डेंग्यू आणि ते प्रतिजैविक बाजूला सारले नसेल, तर त्या प्रश्नाचे दोन गुण जाऊन वर एक वजा होतो. बेरीज 4 वर येते आणि निकाल नुसता ‘शक्य’ होतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसती बेरीज न देता प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे.

मर्यादाही तिथेच लिहाव्यात. दोन्ही औषधे एकाच दिवशी थांबवली आणि सोबत स्टेरॉइड दिले, त्यामुळे ‘थांबवल्यावर बरे वाटले’ हा पुरावा दोघांत निवड करू शकत नाही. औषध पुन्हा देऊन पाहणे तर जिवाशी खेळ. त्या प्रश्नाला शून्यच राहणार.

एरवी रिपोर्टचा सांगाडा सरळ आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘केअर’ मार्गदर्शिका त्यासाठी वापरतात. शीर्षकात औषध, प्रतिक्रिया आणि ‘केस रिपोर्ट’ हे शब्द यावेत. प्रस्तावना दोन परिच्छेदांची पुरे. हकीकतीत औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि मिळाल्यास बॅच क्रमांक द्यावा, पण निष्कर्ष देऊ नये. तो चर्चेचा भाग. पुढे काय टाळायचे, हेही चर्चेत यायला हवे. इथे फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटालही टाळायचे, कारण रचनेच्या साम्यामुळे तीही तशीच प्रतिक्रिया घडवू शकतात. थायरॉइडची तपासणी काही महिने चालू ठेवायची, कारण त्याचा बिघाड उशिरा दिसू शकतो. प्रकाशनाची वाट न पाहता भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे नोंदही करावी. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे.

आणि शेवटी संमती. भरतीच्या वेळी घेतलेली सही उपचारापुरती असते. प्रकाशनाची संमती वेगळी, लेखी आणि रुग्णाच्या भाषेत हवी. ती तापाच्या ग्लानीत न घेता बरे वाटल्यावर घ्यावी. नाव छापले जाणार नाही, पण संपूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, हे स्पष्ट सांगावे. ज्या गावात एकाच बाईंच्या अंगावर असे पुरळ उठले, तिथे वय आणि तालुका एवढ्यावरही ओळख पटते. म्हणूनच कालपटात तारखा न देता दिवस मोजायचे. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने माणूस लपत नाही. पुरळ दिसण्यापुरती छातीच छापावी. ओळख झाकण्यासाठी वय किंवा मात्रा बदलणे मात्र चूक, कारण मग पुरावाच खोटा होतो. नको तो तपशील गाळावा.

रिपोर्टमध्ये छापायचे वाक्य असे: ‘ही हकीकत, तपासण्या आणि छायाचित्र प्रसिद्ध करण्यासाठी रुग्णाने मराठीत वाचून, समजून घेऊन लेखी संमती दिली आहे. मूळ संमतिपत्र लेखकांकडे सुरक्षित आहे.’ वाचता येत नसेल, तर साक्षीदारासमोर वाचून दाखवले, असे लिहावे. सही केलेला कागद रिपोर्टला जोडू नये. त्यावर नाव असते. छापण्यापूर्वी नकार देता येतो आणि त्याने उपचारात फरक पडत नाही, हेही बाईंना सांगावे.

मसुदा त्यांना वाचून दाखवला, तर आणखी एक गोष्ट घडते. ‘ताप चोविसाव्या दिवशी नाही, दोन दिवस आधीपासून अंग मोडून आलं होतं,’ असे त्या सांगतात, आणि कालपटात बाविसाव्या दिवसाची एक ओळ वाढते. ही ओळ कोणत्याही लॅबच्या कागदावर नव्हती.