पस्तिशीनंतर पाळी लवकर का येऊ लागते?

पाळीचे चक्र मोजायचे ते रक्तस्राव सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपल्यापासून मोजले की चक्र उगाचच चार-पाच दिवसांनी लहान दिसते आणि काळजी वाढते. नीट मोजूनही वयाच्या सदतीस-अडतिसाव्या वर्षी 28 दिवसांचे चक्र 25-26 दिवसांवर आलेले अनेकींना आढळते. पाळी 2 तारखेला आली आणि पुन्हा 27 तारखेला आली, तर ‘महिन्यात दोनदा आली’ असे वाटते. प्रत्यक्षात ते 25 दिवसांचे एक चक्र असते.

चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात स्त्रीबीज असलेली एक पुटिका, म्हणजे फॉलिकल, अंडाशयात वाढते आणि शेवटी फुटून बीज बाहेर पडते. त्यानंतरचा दुसरा भाग साधारण 12 ते 14 दिवसांचा असतो आणि वयानुसार त्यात फारसा बदल होत नाही. चक्र आखडते ते पहिल्या भागात. 2019 साली सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पंचविशीपासून पंचेचाळिशीपर्यंत चक्र दरवर्षी सरासरी 0.18 दिवसाने लहान होत गेलेले दिसले, आणि ही जवळजवळ सगळी घट पहिल्या भागातलीच होती. वीस वर्षांत ती साडेतीन दिवसांच्या आसपास भरते.

या बदलाचे मूळ फॉलिकलच्या साठ्यात आहे. मुलगी हा साठा जन्मतःच घेऊन येते आणि तो आयुष्यभर घटतच जातो. दर चक्रात लहान फॉलिकलांचा एक गट वाढीला तयार होतो. हे फॉलिकल ‘इनहिबिन बी’ नावाचे संप्रेरक सोडतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी फॉलिकल वाढवणारे ‘एफएसएच’ हे संप्रेरक तयार करते, आणि इनहिबिन बी तिला आवर घालते. साठा कमी झाला की गट लहान होतो, इनहिबिन बी घटते आणि आवर सैल पडतो. मग एफएसएच जास्त प्रमाणात पाझरते, तेही लवकर. आधीच्या चक्राच्या अखेरच्या दिवसांतच, पाळी यायच्या आधी, ते चढू लागते.

मग फॉलिकल वेगाने वाढते की लवकर वाढायला लागते? हा प्रश्न सिअ‍ॅटलमधील संशोधकांनी 2002 साली तपासला. विशीतल्या आणि चाळिशीतल्या स्त्रियांच्या चक्रांची त्यांनी तुलना केली. वाढीचा वेग फारसा बदललेला नव्हता, सुरुवात मात्र अलीकडे आली होती. पाळी सुरू होते तेव्हा मोठ्या वयाच्या स्त्रीचे फॉलिकल आधीच थोडे पुढे गेलेले असते. त्यामुळे इस्ट्रोजेन लवकर वाढते, बीज लवकर सुटते आणि पुढची पाळीही लवकर येते. म्हणजे या टप्प्यावर ‘इस्ट्रोजेन कमी पडले म्हणून असे होते’ हा समज चुकीचा आहे. ते पुष्कळदा पुरेसे असते, कधी जास्तही असते.

याचा सर्वांत व्यावहारिक परिणाम गर्भधारणेच्या हिशेबावर होतो. 28 दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते. 25 दिवसांच्या चक्रात ते अकराव्या, तर 22 दिवसांच्या चक्रात आठव्या दिवसाच्या सुमारास सुटू शकते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात. त्यामुळे 22 दिवसांच्या चक्रात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रक्तस्राव चालू असतानाही, आलेल्या संबंधातून गर्भ राहू शकतो. ‘पाळीनंतरचे दिवस सुरक्षित’ हा जुना हिशेब इथे चालत नाही. मूल हवे असणाऱ्या जोडप्यानेही बीज सुटण्याची तपासणी नेहमीपेक्षा तीन-चार दिवस आधीपासून सुरू करावी.

दुसरा परिणाम रक्ताचा. 28 दिवसांच्या चक्राने वर्षाला 13 पाळ्या येतात, 25 दिवसांच्या चक्राने साडेचौदा. फरक मोठा नाही, पण आधीच हिमोग्लोबिन कमी असेल आणि स्राव जास्त होत असेल, तर तो जाणवतो.

पंचेचाळिशीकडे बीज सुटणे चुकू लागते, मग चक्र कधी लहान तर कधी लांब होते. लागोपाठच्या चक्रांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की रजोनिवृत्तीकडचा बदल खऱ्या अर्थाने सुरू झाला असे डॉक्टर मानतात. एफएसएच मात्र या काळात चक्रागणिक वरखाली होते, त्यामुळे एका रक्तचाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. चार-सहा महिन्यांच्या तारखांची नोंद त्यापेक्षा जास्त सांगते.

लवकर येणारी प्रत्येक पाळी या कारणानेच येते असे नाही. चक्र 21 दिवसांपेक्षा लहान होणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, आठ दिवसांहून जास्त स्राव, मोठ्या गाठी पडणे, यांमागे थायरॉइडचा बिघाड, गर्भाशयातील पॉलिप किंवा फायब्रॉइड, कधी अस्तरातील गंभीर बदलही असू शकतो. अशा वेळी ‘वयच झाले’ म्हणून थांबू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी आणि तपासणी करून घ्यावी.