तीन वाक्यांचा परिचय

पॉडकास्टच्या यजमानाकडे आगाऊ पाठवावयाच्या परिचयात पदव्या, पुरस्कार आणि हुद्दे यांचीच फेरिस्त असली, तर पाहुण्याची योग्यता कळते. परंतु त्याला विचारावे काय, हे कळत नाही. म्हणून मोडी लिपीच्या एखाद्या अभ्यासिकेचा परिचय असा असावा :

‘त्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचतात. दुष्काळाच्या वर्षी कोणत्या गावाला साऱ्याची किती सूट मिळाली, याचा शोध त्यांनी जमाखर्चाच्या कागदांवरून घेतला आहे. ती सूट खरोखर रयतेपर्यंत पोचली, की मधल्या अंमलदारांकडेच राहिली, हा त्यांच्यापुढील प्रश्न आहे.’

येथे पहिल्या वाक्याने अधिकार, दुसऱ्याने पुरावा आणि तिसऱ्याने वादाचा मुद्दा प्रस्थापित होतो. शिवाय मजकूर तृतीयपुरुषी असल्यामुळे यजमानाला तो प्रास्ताविकात जसाच्या तसा वाचता येतो.

पाठवण्यापूर्वी हा मजकूर एखाद्या तिऱ्हाइताला वाचून दाखवावा आणि त्याला सुचणारा पहिला प्रश्न ऐकावा. तो ‘आपण या क्षेत्राकडे कशा वळलात?’ असा सर्वसामान्य निघाला, तर तिसरे वाक्य संदिग्ध राहिले आहे असे समजून तेवढेच पुन्हा लिहावे.