आयसीयूचा तक्ता गणपतीत का अडतो

कोकणातल्या एखाद्या लहान रुग्णालयाचा सहा खाटांचा आयसीयू घ्या. सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. प्रत्येक पाळीला तीन सिस्टर हव्यात. तीस दिवसांत ९० नाइट आणि १८० दिवसपाळ्या भरायच्या.

बारा जणींत भागेल, असं वरच्यांना वाटतं. पण मग प्रत्येकीच्या वाट्याला सात-आठ नाइट आणि पंधरा दिवसपाळ्या येतात. सलग दोनच नाइट द्यायच्या आणि नंतरचा दिवस झोपेसाठी मोकळा ठेवायचा म्हटलं, तर असे चार दिवस जातात. शिवाय चार साप्ताहिक सुट्ट्या. बेरीज तीसच्या वर जाते, म्हणजे रजेला जागाच नाही. तेरावी सिस्टर आली की सात नाइट, चौदा दिवसपाळ्या आणि आठ मोकळे दिवस मिळून २९ होतात. एक दिवस उरतो. सगळ्या विभागाला महिन्याला रजेचे १३ दिवस, बस्स.

खरी अडचण मात्र नुसत्या संख्येची नाही. या तेराजणींत व्हेंटिलेटर एकटीने सांभाळू शकणाऱ्या पाचच आहेत असं धरू. प्रत्येक पाळीला त्यांतली एक तरी हवीच. गणपतीच्या दहा दिवसांत असे २४० तास भरायचे असतात. पाचही जणी असल्या तर प्रत्येकीला ४८ तास येतात. एक रजेवर गेली तर ६०. दोघी गेल्या तर ८०, आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा पाळली तर दहा दिवसांत जेमतेम ६८ तासच भरतात. म्हणून गणपती असो वा लगीनसराई, अनुभवी सिस्टर एका वेळी एकच रजेवर. बाकीच्यांना पुढच्या वर्षी पाळीपाळीने.

तक्ता भरायचा क्रमही यातूनच ठरतो. आधी मंजूर रजा, मग अनुभवी पाचजणींच्या नाइट, त्यामागोमाग झोपेचे दिवस, मग इतरांच्या नाइट. दिवसपाळ्या सगळ्यांत शेवटी. सकाळपाळ्या आधी वाटणाऱ्या इनचार्ज सिस्टर पंचविसाव्या तारखेशी येऊन अडकतात. एक्सेलमध्ये अनुभवी पाचजणी दुसऱ्या ते सहाव्या ओळीत आणि पहिली तारीख C स्तंभात ठेवली, नाइटला N लिहिलं, तर त्या स्तंभाखाली एवढंच पुरे:

```
=COUNTIF(C2:C6,"N")
```

उत्तर शून्य आलं तर ती रात्र नवख्यांच्या भरवशावर आहे.

तक्ता लागल्यावर तो मोडतो तो बहुधा आपसातल्या अदलाबदलीने. संख्या तीनच राहते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. अदलाबदल अनुभवीची अनुभवीशी आणि नवखीची नवखीशीच व्हावी, आणि इनचार्जच्या सहीनेच. आणि वरच्यांकडे तेरावी सिस्टर मागायला जाताना ‘माणसं कमी पडतात’ एवढंच सांगू नका, हा हिशेब कागदावर मांडून न्या.